आत आलेला माणूस बाहेर मोजला गेला: अभ्यासिकेच्या दारावरची एक क्रिटिकल रेस

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची अभ्यासिका आहे. आत किती जण बसलेत हे दाराबाहेरच कळावे, म्हणून आमच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या तिघांनी प्रकल्प म्हणून तिथे एक मोजणी यंत्र बसवले. चौकटीत आडवे दोन इन्फ्रारेड किरण, एक बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या, मध्ये आठेक सेंटिमीटर अंतर. आत जाणारा माणूस आधी बाहेरचा किरण अडवतो, मग दोन्ही, मग फक्त आतला, मग दोन्ही मोकळे. बाहेर पडणारा हेच उलट्या क्रमाने करतो. या क्रमावरून दिशा ओळखायची आणि दोन आकडी फलकावर एक मिळवायचा किंवा वजा करायचा, एवढेच काम. मायक्रोकंट्रोलर वापरायचा नाही, अशी अट प्रकल्पाचीच होती. विषय असिंक्रोनस सिक्वेन्शियल सर्किट हा होता आणि सगळे ४००० मालिकेतल्या गेटांनी, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आयसींनी करायचे होते.

प्रयोगशाळेच्या टेबलावर यंत्र व्यवस्थित चालले. अभ्यासिकेत बसवल्यावर तिथल्या काकांचा फोन आला. सकाळी कुलूप उघडून ते वीज चालू करत तेव्हा फलकावर 00 असे. पहिला मुलगा आत आला की कधी 01 होई, कधी 99.

दोन आकडी दशमान काउंटर शून्यावरून एक उतरला की 99 दाखवतो, म्हणजे आत आलेला माणूस यंत्राने बाहेर गेलेला धरला होता. मुलांचा पहिला संशय डोकावणाऱ्यांवर होता: कोणीतरी दारात येऊन जागा आहे का बघतो, अर्ध्यातून परत फिरतो आणि यंत्र गोंधळते. काका ठाम होते. "अहो मॅडम, डोकावून जाणारे मला माहीत आहेत. हा पोरगा आत आला, पंख्याखालची जागा धरली, बसला. आणि फलक म्हणतो नव्याण्णव."

डोकावणाऱ्यांचा दोष खरोखरच होता, त्याकडे नंतर येते. पण काका सांगत होते तो दोष वेगळा होता. त्याची एक खूण पहिल्याच तपासणीत दिसली. बाहेर जाणाऱ्यांची मोजणी एकदाही चुकत नव्हती, फक्त आत येणाऱ्यांची चुकत होती आणि तीही अधूनमधून. दारावर दिशा दाखवणारा एक दिवा होता, आत येताना हिरवा आणि बाहेर जाताना लाल. तो मात्र दोन्ही दिशांना मधल्या एखाद्या टप्प्यावर चुकीचा रंग दाखवून पुन्हा सुधारत होता. किरण, सेन्सर किंवा वायरिंग सैल असते, तर चूक अशी दिशा आणि टप्पा पाहून झाली नसती.

म्हणून आम्ही सोल्डरिंग गन बाजूला ठेवली आणि कागदावर फ्लो टेबल मांडले. असिंक्रोनस सर्किट असे तक्त्याने बांधायची पद्धत डेव्हिड हफमन यांनी १९५४ साली मांडली. अशा सर्किटच्या दोषाचे मूळ सापडते ते बहुधा या तक्त्यातच, ऑसिलोस्कोपवर नाही.

बाहेरचा किरण अडला की x1 = 1, आतला अडला की x2 = 1. सर्किटला घड्याळ नाही. त्याची आठवण म्हणजे गेटांतून निघून पुन्हा त्याच गेटांत शिरणाऱ्या दोन वायरी, y1 आणि y2. इनपुट बदलले की गेटे नवे y मागतात, काहीशे नॅनोसेकंदांनी ते वायरीवर येतात, पुन्हा गेटांत शिरतात, आणि मागितलेले व असलेले सारखे झाले की सर्किट थांबते. त्या थांबण्याला स्थिर स्थिती म्हणू. दिशा ओळखण्यासाठी अशा चार ओळी पुरतात:

```
x1x2:   00    10    11    01
अ      (अ)   (अ)    ब     ड
ब       अ    (ब)   (ब)    क
क       ड     ब    (क)   (क)
ड      (ड)    अ     क    (ड)
```

कंसातली स्थिती स्थिर, बाकीच्या ठिकाणी जी ओळ लिहिली आहे तिकडे जायचे. आत येणारा माणूस वरच्या मथळ्यावर डावीकडून उजवीकडे चालतो, 00, 10, 11, 01 आणि पुन्हा 00. बाहेर जाणारा उजवीकडून डावीकडे. प्रत्येक ओळीत दोन स्थिर जागा आहेत. आत येण्याच्या क्रमात त्यांतली जी पुढची, तिथे दिशा D = 1, मागची तिथे D = 0. उदाहरणार्थ अ ओळीत 10 ला D = 1, कारण तिथे माणूस 00 कडून पुढे आला. 00 ला D = 0, कारण तिथे तो 10 कडून मागे आला. काउंटर x1 उतरताना मोजत होता, D ला स्थिरावायला वेळ मिळावा म्हणून पन्नासेक मायक्रोसेकंद थांबून.

हा तक्ता निर्दोष आहे. मुलांनी तो स्वतः काढला होता आणि चांगला काढला होता. दोष पुढच्या पायरीत होता, जी सहसा दोन मिनिटांत उरकली जाते: ओळींना आकडे देणे. वहीत लिहिले होते अ = 00, ब = 01, क = 10, ड = 11. शून्य, एक, दोन, तीन. घड्याळावर चालणाऱ्या सर्किटमध्ये असे आकडे दिले तर फार तर दोन-चार गेटे जास्त लागतात. इथे त्याने माणसाची दिशा उलटते.

आत येणाऱ्या माणसाच्या मागे चला. तो दोन्ही किरणांत उभा आहे, इनपुट 11, सर्किट ब मध्ये, म्हणजे y1y2 = 01. आता बाहेरचा किरण मोकळा झाला, इनपुट 01. तक्ता सांगतो, क मध्ये जा. क म्हणजे 10. y1 ला वर जायचे आहे आणि y2 ला खाली यायचे आहे, दोघांना एकाच वेळी. पण दोन वायरींचे गेट वेगळे, गेटांची संख्या वेगळी, लांबी वेगळी. दोन्ही अगदी एका क्षणी बदलतील हे कागदावरच शक्य आहे. कोणीतरी आधी पोहोचणार. ही रेस.

समजा y1 आधी पोहोचला. वायरींवर क्षणभर 11 आले. सर्किटच्या दृष्टीने ते आता ब मध्ये नाही, ड मध्ये आहे, आणि 01 च्या स्तंभात ड स्थिर आहे. गेटे y2 ला म्हणतात, आहेस तिथेच राहा. खाली येणारा y2 अर्ध्या वाटेतून परत फिरतो आणि सर्किट ड मध्येच बसते. ड ला 01 वर D = 0. माणूस आत येतोय, यंत्र म्हणते बाहेर चाललाय. x1 नुकताच उतरला आहे, पन्नास मायक्रोसेकंदांनी काउंटर D कडे बघतो आणि एक वजा करतो. 00 चे 99.

आता समजा y2 आधी पोहोचला. वायरींवर 00, म्हणजे अ. पण 01 च्या स्तंभात अ ला ड कडे, 11 कडे जायचे आहे. y1 ला अजून वर जायचेच आहे, आणि नुकताच खाली आलेल्या y2 ला पुन्हा वर जायला सांगितले जाते. तेवढ्यात y1 पोहोचला तर 10 होईल आणि सर्किट हव्या त्या क मध्ये स्थिरावेल. y1 ला उशीर झाला तर y2 पुन्हा वर जाईल.

म्हणजे शेवटी सर्किट कुठे थांबते हे तक्ता ठरवत नाही, कोणत्या गेटला किती उशीर होतो ते ठरवते. रेसचा शेवट असा पोहोचण्याच्या क्रमावर अवलंबून असेल आणि त्यांतला एखादा शेवट चुकीचा असेल, तर ती क्रिटिकल रेस. या आकड्यांत अशा जागा ब आणि क यांच्यामध्ये आणि अ आणि ड यांच्यामध्ये आहेत, दोन्ही दिशांनी. म्हणजे दारातून होणाऱ्या प्रत्येक फेरीतल्या चार पावलांपैकी एक किंवा दोन पावले शर्यतीची.

मग बाहेर जाणाऱ्यांची मोजणी का चुकत नव्हती? हे मुलांकडूनच काढून घेतले, कारण संपूर्ण निदान या प्रश्नाच्या उत्तरावर उभे होते. बाहेर जाताना 11 वरून 10 ला क मधून ब मध्ये जायचे असते, 10 वरून 01 वर. तिथेही रेस आहे, आणि y1 जिंकला तर सर्किट 00 म्हणजे अ मध्ये अडकते. अ ला 10 वर D = 1, म्हणून दिवा चुकीचा हिरवा होतो. पण बाहेर जाताना x1 उतरतो तो पुढच्या पावलावर, 10 वरून 00 ला. तिथे ब मधून आलात तरी अ, अ मध्येच असलात तरी अ, आणि D = 0. मोजणीच्या क्षणापूर्वी चूक आपोआप मिटते. आत येताना मात्र x1 नेमका रेसच्या पावलावरच उतरतो. दिव्याची लुकलुक आणि मोजणीचा एकतर्फी दोष, दोन्ही ओळींना दिलेल्या या आकड्यांतूनच निघाले. ते निघाल्यावर निदानाबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

तरी प्रत्यक्ष खात्री करून घ्यायला हवी होती. ४०११ च्या एका नँड गेटला ५ व्होल्टला साधारण १२५ नॅनोसेकंद लागतात, आणि उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा २५० आहे. म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन आयसींमध्ये दुपटीचा फरक असला तरी दोन्ही निर्दोष. शिवाय तापमान वाढले की सीमॉस गेट मंदावते आणि पुरवठ्याचा व्होल्टेज घटला की आणखी मंदावते. म्हणून तपासणी अशी केली: y1 च्या वाटेवरचा ४०११ काढून दुसऱ्या कंपनीचा त्याच क्रमांकाचा लावला. एकही वायर न हलवता चुकांचे प्रमाण बदलले. मग पेटीचे झाकण उघडून हेअर ड्रायरने एकाच आयसीला गरम हवा दिली, पुन्हा प्रमाण बदलले. तर्कातली चूक असती तर ती गरम हवेने कमीजास्त झाली नसती. टेबलावर यंत्र का चालले आणि मे महिन्यात दारावरच्या बंद पेटीत का बिघडले, याचेही उत्तर यातच होते.

ही रेस बघायची असेल, तर मुलांकडे असतो तसा २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर फारसा पुरत नाही. तो सुमारे ४२ नॅनोसेकंदांना एक नमुना घेतो, म्हणजे एका गेटच्या उशिरात जेमतेम तीन. पण शेवट कुठे झाला हे तो नक्की सांगतो. इनपुट 01 असताना y1y2 = 11 झाले आणि त्याआधी इनपुट 11 असताना ते 01 होते, एवढी अट लावून ठेवली की चुकीचा प्रत्येक प्रवेश पकडला जातो.

आकडे बदलण्याआधी एका मुलाने वेगळा उपाय करून पाहिला होता, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तो अगदी स्वाभाविक वाटतो. त्याचा विचार असा: y1 आधी पोहोचला की चूक होते, तर y1 ला उशीर लावू. त्याने y1 च्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घातला, पुढे श्मिट ट्रिगर. दहाएक मायक्रोसेकंदांचा उशीर. चुका कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ निम्मे प्रवेश उलटे मोजले जाऊ लागले.

तक्त्यात बघितले की कारण दिसते. इनपुट 01 आहे आणि y1 अजून 0 वर अडकून आहे. y2 = 1 असेल तर आपण ब मध्ये, आणि ब चा y2 खाली यायला हवा. तो खाली आला की आपण अ मध्ये, आणि अ चा y2 वर जायला हवा. y1 येईपर्यंत y2 ला थांबायला जागाच नाही, तो वरखाली होत राहतो. एका फेरीला तीनेकशे नॅनोसेकंद धरले तर दहा मायक्रोसेकंदांत तीसेक वेळा. मग y1 पोहोचतो, आणि त्या क्षणी y2 जिथे असेल तिथेच तो कायमचा धरला जातो, कारण क आणि ड दोन्ही 01 ला स्थिर आहेत. खाली असेल तर बरोबर, वर असेल तर चूक. मुलाने ऑसिलोस्कोपवर तो थरथरता पट्टा पाहिला तेव्हा त्याला वाटले बाहेरून नॉइज येतोय. तो आवाज बाहेरचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या तक्त्यातला होता.

उशीर घालून क्रिटिकल रेस जिंकवता येते असे जे मानतात त्यांनी हे उदाहरण जरूर सोडवून बघावे. इथे बरोबर उत्तरासाठी y1 ने y2 च्या मागून, पण y2 ची पुढची उडी सुरू होण्याआधी पोहोचायला हवे. त्या अरुंद फटीत दोन वेगवेगळ्या आयसींचे उशीर उन्हाळ्या-पावसाळ्यात बसवून ठेवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

खरी दुरुस्ती शर्यत होऊच न देण्यात आहे. ज्या दोन ओळींमध्ये थेट जाणे-येणे आहे त्यांच्या आकड्यांत एकाच बिटचा फरक असावा. मग बदलणारी वायर एकच, आणि एकट्याची शर्यत नसते. त्यासाठी तक्त्यातून फक्त जाण्या-येण्याच्या जोड्या वेगळ्या काढायच्या. इथे अ आणि ब, ब आणि क, क आणि ड, ड आणि अ. अ आणि क यांच्यात थेट वाट नाही, ब आणि ड यांच्यातही नाही. म्हणजे चार ओळींचे एक वर्तुळ. दोन बिटचे चार आकडेही एका चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात, 00, 01, 11, 10, शेजारच्या कोपऱ्यांत एकाच बिटचा फरक. वर्तुळ चौकोनावर ठेवा: अ = 00, ब = 01, क = 11, ड = 10. फक्त क आणि ड चे आकडे अदलाबदल झाले. तोच ग्रे कोड, जो मुलांनी कार्नो मॅपच्या मथळ्यावर शेकडो वेळा लिहिला होता.

आता ब मधून क ला जाणे म्हणजे 01 वरून 11. y2 ला काहीच करायचे नाही. y1 लवकर आला काय, उशिरा आला काय, मध्ये दुसरी कोणती स्थिती लागत नाही. y1 अजून आला नसेल तर आपण ब मध्ये, आला की क मध्ये.

समीकरणेही सोपी होतात. x1 वरचे चिन्ह उलट दाखवते:

```
Y1 = x1'·x2 + x1'·y1 + x2·y1
Y2 = x1·x2  + x1·y2  + x2·y2
```

आधीच्या आकड्यांत Y2 च्या समीकरणात y1 मिसळलेला होता आणि एक्सॉर लागत होते. आता y1 ला y2 ची खबरही नाही. दोन्ही ओळी बहुमताच्या आहेत: तिघांपैकी दोन 1 असले की 1. असिंक्रोनसवाल्यांच्या भाषेत हे दोन मुलर सी-एलिमेंट झाले. तीनही पदे लागतात, त्यांतले एकही फाजील नाही. इनपुटचा एक बिट बदलताना आउटपुट 1 राहायचे असेल, तर त्यांतले एक पद बदलाच्या आधी आणि नंतरही 1 असते, म्हणून मधल्या क्षणी आउटपुट पडत नाही. हा हॅझर्डचा बंदोबस्त आहे, रेसचा नव्हे. मुलांनी जुन्या सर्किटमध्येही त्यासाठी जादा पदे घातली होती आणि तरी 99 येतच होते, कारण तिथे प्रत्येक वायर स्वतःपुरती स्वच्छ बदलत होती. भांडण दोन वायरींमधले होते.

दिशेचा D तर आणखी नेटका निघाला. इनपुट 00 असेल तर D = y1, 01 असेल तर y2, 11 असेल तर y1 चा उलटा, 10 असेल तर y2 चा उलटा. चारातून एक निवडणारा एक मल्टिप्लेक्सर. प्रत्येक स्तंभात D जी वायर वाचतो ती त्या स्तंभात कधीच बदलत नाही, बदलते ती दुसरी. 01 ला y1 बदलतो आणि D वाचतो y2.

मुलांनी बोर्ड पुन्हा बांधला. तिघांनी आलटून पालटून आयसी बदलले, ड्रायरने गरम केले, पुरवठा साडेचार व्होल्टपर्यंत खाली आणला. प्रत्येक प्रवेश बरोबर मोजला गेला आणि दिव्याची मधली लुकलुक गेली.

तरीही काही दिवसांनी काकांचा फोन आला. "मॅडम, परत नव्याण्णव." या वेळी मात्र तो दोष हवा तेव्हा करून दाखवता येत होता. दारात एक पाऊल टाकायचे, बाहेरचा किरण अडवायचा, परत फिरायचे. दर वेळी एक वजा, आयसी कोणताही असो, गार असो की गरम. हेच ते डोकावणारे. तक्ता पाहिला तर सर्किट सांगितलेलेच करत होते: 00, 10, 00 या क्रमात शेवटचे पाऊल मागे जाण्याचे आहे, D = 0 आहे, x1 उतरला आहे, म्हणून एक वजा. दिशा ओळखणे आणि पूर्ण ये-जा ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या तक्त्यात दुसरी लिहिलेलीच नव्हती. आकडे कितीही चांगले दिले तरी न लिहिलेली गोष्ट सर्किट करणार नाही.

म्हणून नवा तक्ता. प म्हणजे दार मोकळे किंवा कोणी नुकताच बाहेरून शिरतोय. फ म्हणजे बाहेरून आलेला दुसऱ्या किरणापर्यंत पोहोचला. स म्हणजे आतून कोणी निघालाय. त म्हणजे आतून निघालेला बाहेरच्या किरणापर्यंत आला.

```
x1x2:   00    10    11    01
प      (प)   (प)    फ     स
फ       प     प    (फ)   (फ)
स       प     -     त    (स)
त       प    (त)   (त)    स
```

स च्या ओळीत 10 खाली रेघ आहे, कारण 01 वरून 10 ला जायला दोन्ही किरण एकाच क्षणी बदलायला हवेत. आठ सेंटिमीटर अंतर आणि सेकंदाला एक मीटर चाल धरली तर दोन किरणांमध्ये ८० मिलिसेकंद जातात, एका गेटच्या उशिराच्या लाखो पट. त्यामुळे तसे होणार नाही असे आम्ही धरले. दोघे जण शेजारी-शेजारी दारातून घुसले तर मात्र हा तक्ताही काही करू शकत नाही.

आता जोड्या काढा. प आणि फ, प आणि स, स आणि त, त आणि प. प, स, त यांचा त्रिकोण झाला. चौकोनाच्या कोपऱ्यांवर त्रिकोण असा बसवता येत नाही की तिन्ही बाजू शेजारच्या कोपऱ्यांत पडतील. एक बाजू कर्णावर जाणारच, म्हणजे एक रेस होणारच. पुस्तकी उपाय इथे तिसरा बिट घ्यायचा आणि मध्ये एक पुलाची ओळ टाकायचा आहे, म्हणजे सर्किट एका वेळी एक बिट बदलत वळसा घालून जाईल. मुलांनी तोच सुचवला. मी त्यांना आधी तिन्ही पर्याय तपासायला लावले: कर्णावर कोणती बाजू टाकायची?

स–त टाकली, म्हणजे प = 00, स = 01, त = 10, फ = 11. इनपुट 11 ला स मधून त ला जाताना y1 आधी बदलला तर 11, म्हणजे फ, आणि 11 च्या स्तंभात फ स्थिर. बाहेर जाणारा आत येणारा ठरला. क्रिटिकल. प–स टाकली, म्हणजे प = 00, स = 11, त = 01, फ = 10, तर इनपुट 01 ला प मधून निघताना तीच गत. y1 आधी आला की फ, आणि फ तिथेही स्थिर.

उरली त–प: प = 00, फ = 01, स = 10, त = 11. त मधून प ला जाणे फक्त 00 च्या स्तंभात होते. y1 आधी उतरला तर 01, म्हणजे फ, आणि त्या स्तंभात फ ला प कडेच जायचे आहे. y2 आधी उतरला तर 10, म्हणजे स, तोही प कडेच. 00 च्या स्तंभात प सोडून काहीच स्थिर नाही. रेस आहे, कोण जिंकेल हे आजही ठाऊक नाही, आणि शेवट एकच आहे. ही क्रिटिकल नसलेली रेस, ती तशीच सोडून देता येते. तिसरा बिट लागला नाही.

या आकड्यांचा एक फायदा आम्ही मागितला नव्हता तरी मिळाला. दोन्ही किरण मोकळे होतात तो क्षण मोजणीचा. त्याआधी सर्किट फ किंवा त मध्ये असेल तरच मोजायचे, प किंवा स मध्ये असेल तर तो डोकावणारा. फ आणि त दोन्हींत y2 = 1, प आणि स दोन्हींत 0. म्हणजे मोजायचे की नाही हे y2 सांगतो, आणि कोणत्या दिशेने हे y1 सांगतो: फ मध्ये 0, त मध्ये 1. काउंटर ४५१० आहे. त्याची मोजणीची परवानगी आणि वर-खालीची पिन यांना y2 आणि y1 उलटे करून, दहाएक मायक्रोसेकंद उशिराने दिले. मोजणीचा ठोका मात्र किरण मोकळे होताच, विनाउशीर. त्यामुळे ठोका पडतो तेव्हा काउंटरला सर्किटची आधीची स्थिती दिसते, 00 ला प मध्ये पोहोचल्यानंतरची नाही. जो उशीर पहिल्या बोर्डवर शर्यत बिघडवत होता तोच इथे चालतो, कारण तो फीडबॅकच्या वाटेत नाही आणि त्याला दहाऐवजी वीस मायक्रोसेकंद लागले तरी उत्तर बदलत नाही.